बी१ च्या यादीला दोन बाजू

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या वर्गात जर्मन शिकायला येणाऱ्या बहुतेक मुली परिचारिका आहेत. कोणी बार्शीची, कोणी अक्कलकोटची, कोणी मंगळवेढ्याची. दिवसा रुग्णालयातली पाळी करून त्या संध्याकाळी वर्गाला येतात आणि बी१ या मध्यम पातळीची परीक्षा द्यायला पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात जातात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका तुकडीची परीक्षा जवळ आली असताना रविवारी सकाळी मी त्यांची लेखनाची सराव परीक्षा घेतली आणि दुपारभर वर्गातच बसून उत्तरपत्रिका तपासल्या. उजळणीसाठी आमच्याकडे एक छापील यादी बरीच वर्षे फिरत होती. विशेषणांचे प्रत्यय, कर्मणी प्रयोग, षष्ठी, संकेतार्थ आणि सर्वांत शेवटी वाक्यातील शब्दक्रम असा तिचा क्रम होता. त्या दुपारी मी तो क्रम बाजूला ठेवला आणि प्रत्येक चुकीसमोर तिने प्रत्यक्षात कोणत्या रकान्यातले गुण नेले ते लिहीत गेले.

यासाठी गुण कसे दिले जातात ते आधी सांगायला हवे. लेखनाला 60 मिनिटे असतात आणि कामे तीन: मित्राला किंवा मैत्रिणीला सुमारे 80 शब्दांचे पत्र, एखाद्या विषयावर तेवढ्याच शब्दांत स्वतःचे मत आणि सुमारे 40 शब्दांचे औपचारिक पत्र. पहिल्या दोन कामांना प्रत्येकी 40 गुण, तिसऱ्याला 20, आणि उत्तीर्ण होण्यासाठी शंभरापैकी 60 लागतात. पहिल्या दोन कामांत चार निकषांना प्रत्येकी 10 गुण असतात: सांगितलेले मुद्दे आले का, वाक्ये एकमेकांना नीट जोडलेली आहेत का, शब्दसंपदा कशी आहे आणि वाक्यरचना कशी आहे. मुद्द्यांच्या निकषात शून्य मिळाले तर ते संपूर्ण कामच शून्य धरले जाते. रचनेच्या निकषात मात्र चुका मोजून गुण वजा करत नाहीत. त्या चुकांमुळे वाचणारा अडखळतो का आणि किती अडखळतो हे पाहिले जाते. जुन्या यादीचा क्रम मला इथेच खटकला, कारण विशेषणाचा एखादा प्रत्यय चुकला तरी जर्मन वाचक न थांबता पुढे जातो, पण क्रियापद भलत्या जागी आले की त्याला वाक्य पुन्हा वाचावे लागते.

पहिल्या पत्राचा विषय मी असा दिला होता: तुम्ही नवीन घरात राहायला गेलात, मैत्रीण मदतीला येऊ शकली नाही; घराचे वर्णन करा, कोणती खोली आवडते ते कारणासह सांगा, भेटीचा बेत सुचवा. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या एका मुलीने लिहिले होते, ‘आम झोन्टाग इश हाबे उमगेत्सोगन. इश माग डी क्यूशे, वाइल झी इस्ट ग्रोस. वेन डू हास्ट त्साइट, डू कान्स्ट मिश बेझूखन.’ म्हणजे, रविवारी मी घर बदलले, मला स्वयंपाकघर आवडते कारण ते मोठे आहे, तुला वेळ असेल तर तू मला भेटू शकतेस. तिन्ही मुद्दे आले होते आणि शब्दही योग्य होते. तरी प्रत्येक वाक्यात क्रियापद चुकीच्या जागी होते, कारण प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवून मग जर्मनमध्ये उतरवलेले होते.

तिच्यानंतर बार्शीच्या मुलीची उत्तरपत्रिका हातात आली आणि मी थांबले. ही पूर्णपणे मराठी माध्यमातली, वर्गात फारसे न बोलणारी. तिच्या पत्रात ‘कारण’ या अर्थाच्या ‘वाइल’ नंतरचे एकही वाक्य चुकलेले नव्हते. ‘वाइल झी ग्रोस इस्ट’, ‘वाइल इश आर्बाइटन मुस’, सगळीकडे क्रियापद शेवटी, जिथे असायला हवे तिथेच. पण साधी, स्वतंत्र वाक्ये मात्र मोडली होती. ‘गेस्टर्न इश मिट माइनर श्वेस्टर नाख पुणे गेफारन बिन’ हे त्यांतले एक. जी मुलगी अवघड समजली जाणारी रचना बिनचूक लिहिते ती सर्वांत सोपे वाक्य का चुकते, हे कोडे मला तिला विचारूनच सोडवायचे होते.

चार वाजता वर्ग पुन्हा भरला तेव्हा मी तिला जवळ बोलावून विचारले, “अगं, ‘वाइल’ची वाक्ये तू कशी जुळवतेस?”

ती म्हणाली, “मॅडम, मी आधी मराठीत मनात म्हणते आणि तसंच लिहिते. ‘कारण मी आजारी आहे’, ‘वाइल इश क्रांक बिन’. एकेक शब्द जागेवर बसतो.”

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. मी फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि मग पुढे तपासत गेले. ‘कारण मला काम करायचे आहे’ यात आधी कामाचे क्रियापद आणि मग गरज सांगणारा शब्द येतो. ‘वाइल इश आर्बाइटन मुस’ मध्येही तोच क्रम आहे. ‘मला वाटते की तो आजारी आहे’ यातला ‘की’ नंतरचा भाग ‘डास एअर क्रांक इस्ट’ याच्याशी तंतोतंत जुळतो. म्हणजे जर्मनमधल्या गौणवाक्याचा शेवट मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच असतो. इंग्रजीतून विचार करणारी मुलगी तो हातचा सोडून देते.

परंतु मराठीची ही मदत गौणवाक्यापाशी संपते. मराठीत मुख्य वाक्याचे क्रियापदही शेवटी जाते, तर जर्मन मुख्य वाक्यात ते दुसऱ्याच स्थानावर यावे लागते. दुसरे स्थान म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा घटक. वाक्याची सुरुवात ‘काल’ने केली की ‘काल’ हा पहिला घटक झाला, लगेच क्रियापद आणि त्यानंतर ‘मी’: ‘गेस्टर्न बिन इश मिट माइनर श्वेस्टर नाख पुणे गेफारन’. बार्शीच्या मुलीचे वाक्य ‘काल मी माझ्या बहिणीबरोबर पुण्याला गेले आहे’ या क्रमाने चालले होते, म्हणून ‘बिन’ शेवटी जाऊन पडले. इंग्रजीवाली मुलगी ‘आम झोन्टाग’नंतर आधी कर्ता ठेवते आणि मराठीवाली सगळे सांगून झाल्यावर क्रियापद ठेवते. चुका वेगळ्या वाटेने येतात, पण दोघींचीही तपासणी एकाच प्रश्नाने होते: पहिल्या घटकाला लागून क्रियापद आहे का?

त्या तुकडीत दोन्ही प्रकारच्या मुली होत्या आणि एकच यादी दोघींच्या हाती देण्यात अर्थ नव्हता. मी फळ्याचे उभे दोन भाग केले. डावीकडे इंग्रजीतून विचार करणाऱ्यांसाठी पहिली ओळ लिहिली: ‘वाइल’, ‘डास’, ‘वेन’ दिसले की स्वल्पविरामापर्यंत किंवा पूर्णविरामापर्यंत जा, क्रियापद तिथे आहे का पाहा. उजवीकडे मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी: प्रत्येक मुख्य वाक्यातल्या क्रियापदावर बोट ठेवा, त्याच्या आधी एकच घटक आहे का पाहा. त्याखाली दोन्ही भागांत एक ओळ समान होती, कारण तिथे सगळ्याच चुकत होत्या. गौणवाक्य आधी आले तर ते सबंध वाक्यच पहिला घटक ठरते, म्हणून स्वल्पविरामानंतर थेट क्रियापद यायला हवे: ‘वेन डू त्साइट हास्ट, कान्स्ट डू मिश बेझूखन’. स्वल्पविरामाच्या दोन्ही अंगांना दोन क्रियापदे लागून दिसली की वाक्य बरोबर आहे असे समजावे. ही खूण मुलींना फार उपयोगी पडली.

‘म्हणून’ या अर्थाचा ‘डेसहाल्ब’ हा शब्दही याच ठिकाणी येतो. ‘आणि’ या अर्थाचा ‘उंट’, ‘पण’ या अर्थाचा ‘आबर’ आणि कारण सांगणारा ‘डेन’ हे शब्द जागा अडवत नाहीत, त्यांच्यानंतर वाक्य नव्याने सुरू होते. ‘डेसहाल्ब’ मात्र पहिली जागा घेतो: ‘डेसहाल्ब कोमे इश निश्ट’.

अक्कलकोटच्या एका मुलीने यावर उपाय सुचवला. “मॅडम, मग ‘वाइल’ वगैरे वापरायचंच नाही. छोटी छोटी वाक्यं लिहिली तर चुका होणारच नाहीत.” तिची स्वतःची उत्तरपत्रिका तशीच होती. चूक जवळजवळ नव्हती, पण सगळी वाक्ये ‘इश’ने सुरू होऊन पाच शब्दांत संपत होती. मी तिचे गुण रकान्यांप्रमाणे फळ्यावर मांडून दाखवले. रचनेच्या निकषात केवळ अचूकता नव्हे, वैविध्यही पाहतात, त्यामुळे तिथे पूर्ण गुण नव्हते. आणि वाक्ये जोडण्याच्या निकषात मी तिला दहापैकी पाचच दिले होते. चूक टाळण्यासाठी जोडशब्द टाळले की एका रकान्यात वाचलेले गुण दुसऱ्यात जातात. ऐंशी शब्दांच्या पत्रात एक ‘वाइल’, एक ‘वेन’ आणि एक ‘डेसहाल्ब’ बिनचूक आले तरी मला पुरेसे वाटते.

शब्दक्रमानंतर यादीत मी पूर्ण भूतकाळाचे सहायक क्रियापद घेतले. एका जागेहून दुसरीकडे जाणे किंवा स्थिती बदलणे असेल तर ‘झाइन’, एरवी बहुतेक ठिकाणी ‘हाबन’. म्हणून घर बदलण्याला ‘बिन उमगेत्सोगन’. ‘थांबून राहणे’ या अर्थाचा ‘ब्लाइबन’ यात हालचाल नाही, तरी तो ‘झाइन’ घेतो. तो पाठच करावा लागतो. नेमके अव्यय घेणारी क्रियापदेही पाठच करायची, आणि त्यांत सर्वाधिक चुकणारे म्हणजे वाट पाहण्याचे ‘वार्टन’: ‘इश वार्टे आउफ डिश’, ‘फ्यूअर डिश’ नव्हे.

जागा आणि दिशा यांच्या विभक्तीत मात्र मराठी उलट अडचण करते. ‘मी स्वयंपाकघरात आहे’ आणि ‘मी स्वयंपाकघरात जाते’ या दोन्हींत आपला ‘त’ प्रत्यय एकच. जर्मनमध्ये पहिले ‘इन डेअर क्यूशे’ आणि दुसरे ‘इन डी क्यूशे’. इथे मनातल्या मराठी वाक्यावर विसंबता येत नाही. ‘कुठे आहे’ आणि ‘कुठे जाते’ यांपैकी कोणता प्रश्न लागू होतो ते प्रत्येक वेळी विचारावे लागते. ‘मला’ हा शब्दही असाच आहे. ‘मला भेट’ मध्ये जर्मन ‘मिश’ लागतो, ‘मला मदत कर’ मध्ये ‘मिअर’, कारण मदत करण्याचे ‘हेल्फन’ हे क्रियापद चतुर्थी मागते. या दोन ओळी मी फळ्याच्या उजव्या भागात ठळक करून ठेवल्या.

शेवटी सगळ्यांनी आपापल्या उत्तरपत्रिका घेऊन परीक्षेतल्या शेवटच्या आठ मिनिटांत करायची तपासणी करून पाहिली. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदाची जागा, दुसऱ्या फेरीत ‘झाइन’ की ‘हाबन’, तिसऱ्यात अव्यये आणि विभक्ती. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट पाहायची, कारण सगळे एकदम शोधायला गेले की डोळा सवयीच्या ओळींवरून सरळ निघून जातो. इंग्रजीवाल्या मुलीने स्वतःच्या पत्रातली चुकलेली क्रियापदे पहिल्याच फेरीत शोधली. बार्शीच्या मुलीला मुख्य वाक्ये दुरुस्त करायला जास्त वेळ लागला, पण ‘वाइल’च्या वाक्यांना तिने हात लावला नाही, आणि लावायची गरजही नव्हती.

“मग विशेषणांच्या प्रत्ययांचं काय, मॅडम? जुन्या यादीत ते पहिले होते,” असे कोणीतरी विचारले. मी ते सर्वांत खाली लिहिले आणि सोबत दोन गोष्टी सांगितल्या. विशेषण नामाच्या आधी न ठेवता ‘डी वोनुंग इस्ट ग्रोस’ असे शेवटी ठेवले तर त्याला प्रत्ययच लागत नाही, आणि चाळीस शब्दांच्या औपचारिक पत्रात एवढे पुरते. नामाच्या आधी ठेवायचेच असेल तर ‘मिट’ वापरावे: त्यानंतर नेहमी चतुर्थी येते, आणि चतुर्थीत नामाला उपपद असेल तर विशेषणाचा शेवट प्रत्येक लिंगात आणि वचनात ‘एन’ हाच राहतो.