घडीत लपलेलं तांब्याचं भांडं

रात्री साडेनऊला भाचीचा फोटो आला. दहावीच्या गाइडचं पान, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेलं, आणि डावी बाजू शिवणीच्या घडीत गेलेली. खाली मेसेज : "मामा, उत्तर 48.7 आहे, माझं 62.5 येतंय."

झूम करून वाचलं. 500 ग्रॅमचा लोखंडी ठोकळा 100 अंश सेल्सिअसला तापवून 25 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात टाकला, अंतिम तापमान काढा. लोखंडाची विशिष्ट उष्मा, म्हणजे एक ग्रॅम एक अंशानं तापायला लागणाऱ्या कॅलरी, 0.11, पाण्याची 1. पुढे 0.095 असा आणखी एक आकडा होता, पण तो कशाचा हे घडीत अडकलं होतं. मी त्याकडे लक्षच दिलं नाही.

62.5 कुठून आलं ते कळायला वेळ लागला नाही. तिनं 100 आणि 25 ची सरासरी काढली होती. फोन लावला आणि विचारलं, "ठोकळा एक अंश थंड झाला तर किती उष्णता सोडतो?" तिनं गुणाकार केला : 500 × 0.11, म्हणजे 55 कॅलरी. आणि पाणी एक अंश तापायला? 100. म्हणजे अर्धा किलोचा तो ठोकळा उष्णतेच्या हिशेबात जेमतेम 55 ग्रॅम पाण्याच्या तोडीचा. मग तापमान मध्यावर थांबेलच कसं? ते पाण्याच्या बाजूला, 62.5 च्या खालीच राहणार. आकडेमोडीआधी एवढा अंदाज बांधून ठेवला की चुकलेलं उत्तर लगेच खटकतं.

मग ताळेबंद मांडला. अंतिम तापमान T. ठोकळ्यानं गमावलेली उष्णता आणि पाण्यानं मिळवलेली उष्णता सारखी :

```
500 × 0.11 × (100 − T) = 100 × 1 × (T − 25)
5500 − 55T = 100T − 2500
155T = 8000
T = 51.6
```

कंसांत दोन्हीकडे मोठ्यातून लहान वजा केलंय, तिथे गडबड झाली तर उत्तर 25 ते 100 च्या बाहेर जातं आणि चूक आपोआप दिसते. इथे तसं काही नव्हतं. पण 51.6 म्हणजे 48.7 नव्हे. तीन अंशांचा फरक दशांशाच्या राउंडिंगमध्ये बसत नाही.

"छापताना चुकलं असेल," ती म्हणाली. मलाही क्षणभर तसंच वाटलं. गाइडची उत्तरं चुकतात, हे मी माझ्या दहावीपासून बघतोय. पण चुकलेलं उत्तर कुठल्याही बाजूला गेलं असतं. इथे तापमान कमी येत होतं, म्हणजे पाण्याखेरीज आणखी कुणीतरी उष्णता घेत होतं. तेव्हा तो 0.095 आठवला. तांब्याची विशिष्ट उष्मा! पाणी तांब्याच्या भांड्यात होतं, आणि भांड्याचं वस्तुमान नेमकं घडीत गेलं होतं.

"नवीन फोटो पाठव, पण थांब, आधी आपण काढून बघू." छापलेलं 48.7 खरं धरलं. ठोकळ्यानं सोडलेली उष्णता 55 × 51.3, म्हणजे सुमारे 2821 कॅलरी. पाण्यानं घेतलेली 100 × 23.7, म्हणजे 2370. उरलेल्या 451 कॅलरी भांड्यानं घेतल्या. भांडंही पाण्याबरोबरच 25 वरून 48.7 ला गेलं, म्हणून 451 ला आधी 23.7 नं आणि मग 0.095 नं भागलं. जवळपास 200 ग्रॅम.

दोन मिनिटांनी पान सपाट दाबून काढलेला फोटो आला : "200 ग्रॅम वस्तुमानाच्या तांब्याच्या कॅलरीमापीत". पलीकडून किंचाळण्याचा आवाज, मग ताई ओरडली, "एवढ्या रात्री काय चाललंय?"

नीट ताळेबंद तिनं स्वतः लिहिला. उजवीकडे फक्त एक पद वाढलं :

```
55 × (100 − T) = (100 + 200 × 0.095) × (T − 25)
5500 − 55T = 119T − 2975
T = 8475 / 174 = 48.7
```

मग तिनं विचारलं, "खरंच करून बघितलं तर थर्मामीटर 48.7 दाखवेल?" सहसा नाही. भांडं आजूबाजूच्या हवेला उष्णता देतं, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो. म्हणून भांड्याभोवती लोकर किंवा कापूस गुंडाळतात आणि ढवळत राहून सर्वांत वरचं तापमान टिपतात. उलटी चूकही होते. ठोकळा उकळत्या पाण्यातून काढून न झटकता तसाच टाकला तर त्याला चिकटलेलं पाणीही आत जातं. ते 5 ग्रॅम धरलं तर शेवटच्या भागाकारात वर 5 × 100, म्हणजे 500, आणि खाली 5 मिळवायचे : 8975 भागिले 179, 50.1. अर्धा किलोचा ठोकळा मोजला गेला जेमतेम 55 ग्रॅम पाण्याइतका, आणि हे 5 ग्रॅम पाणी मात्र पुरतं 5 ग्रॅम.

"म्हणजे दोन्ही चुका सारख्या झाल्या तर उत्तर बरोबर?" ती म्हणाली. मी म्हटलं, झोप आता.