पहिल्या मिनिटातली विहीर, शेवटच्या मिनिटातली विहीर

भूजलावरचं दहा मिनिटांचं भाषण बांधताना मी आधी शेवट लिहितो: ‘चिरा तोच. खाचा सातच. बारा हात दोर सोडला, तर पोहरा कोरड्या खडकावर आपटतो.’ श्रोत्यांना हे कळायला त्यांनी आधी काय पाहिलेलं हवं, ते त्यावरून ठरतं.

विहिरीचं चित्र पहिल्याच वाक्यात ठेवत नाही. तेव्हा खुर्च्या सरकत असतात, माईक वरखाली होत असतो. अर्ध्या मिनिटाने ते येतं आणि चार वाक्यांत संपतं. ‘गावविहिरीच्या काठावर काळा चिरा आहे. त्यावर दोराने पडलेल्या सात खाचा. बोट घातलं की पहिलं पेर आत जातं. दोर बारा हातांचा.’ पुढे लगेच विषय. ‘या खाचा म्हणजे पिढ्यांचे कष्ट’ असं तिथेच सांगितलं, तर चित्राचा अर्थ सुरुवातीलाच खर्ची पडतो आणि शेवटासाठी काही उरत नाही.

या चित्रात एक अडचण मात्र आहे. ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग’ या तुकोबांच्या अभंगात दोराने चिरा कापतो तो अभ्यासाचा दाखला म्हणून. मराठी कान त्याच अर्थाकडे धावतो. म्हणून दोराची लांबी हवीच. तिच्यामुळे लक्ष दगडावरून पाण्याकडे जातं.

मधली आठ मिनिटं फार असतात, चित्र पुसट होतं. बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं, हे समजावताना मी ‘बारा हातांवर लागणारं पाणी’ एवढंच ओघात म्हणतो. विहिरीचं नाव घेत नाही. इथे पुन्हा वर्णन केलं, तर शेवट आधीच ओळखला जातो.

परतताना शब्द तेच ठेवतो: चिरा, खाचा, बारा हात. ‘खाचा’च्या जागी ‘व्रण’ आला तरी धागा सुटतो. बदल एकाच तपशिलात, पाण्यात. ‘सुरुवातीला सांगितलेली विहीर आठवते ना?’ हे वाक्य तर कटाक्षाने टाळतो. आठवण्याचं काम श्रोत्याचं, आणि आठवतानाच त्याला ते चित्र भिडतं.

तालमीत शेवटच्या ओळींआधी थांबून ऐकणाऱ्याला विचारतो, काय लक्षात आहे? ‘खाचा, बारा हात’ आलं तर बरोबर. नुसतं ‘विहीर’ आलं तर सुरुवात मोघम आहे, तिथे एखादी दिसणारी गोष्ट वाढवायला हवी. त्याने शेवटच सांगून टाकला, तर मधला उल्लेख जड झालाय.

आभार शेवटच्या ओळींच्या आधी उरकतो. अध्यक्षांनी वेळ निम्मी केली, तर मधली आकडेवारी कापतो आणि मधला उल्लेखही काढतो, कारण एवढ्या थोड्या वेळात चित्र पुसट होत नाही.