अंगठा ठणकत होता, पण सांध्यात नव्हे

पावसाळ्यात ओल्या सेफ्टी बुटात पाळ्या करून माझ्या उजव्या पायाचा अंगठा नखाच्या कडेला लाल झाला. रात्री तो इतका ठणकायचा की झोप लागेना. रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिड 7.4 आलं. झालं! घरात गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून होणारी सांधेदुखी, ठरला आणि ताटातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, बंद झाली. नखाचं टोक जरा पिवळट होतं म्हणून फार्मसीवाल्याने बुरशीचं मलमही दिलं. दोन्हींनी काही फरक पडेना, तेव्हा फोंड्याला सर्जनबाईंकडे गेलो.

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी अंगठ्याच्या मुळाशी, जिथे तो पावलाला जोडलेला असतो तो सांधा दाबला, वरखाली हलवला. दुखलं नाही. मग पेनच्या टोकाने नखाची बाहेरची कड हलकेच दाबली आणि मी ओरडलोच. कडेच्या मांसातून पिवळा पू आला, शेजारी लालभडक ओलसर मांस वाढलेलं दिसलं.

"गाऊट असता तर बहुतेक हा सांधाच धरला असता," त्या म्हणाल्या. "एका रात्रीत सुजतो, चादर लागली तरी सहन होत नाही. युरिक अ‍ॅसिड थोडं जास्त असलेल्या कितीतरी लोकांना गाऊट कधीच होत नाही. उलट ऐन झटक्यात ते नॉर्मलही येतं." बुरशी महिनोन् महिने हळूहळू नख जाड आणि ठिसूळ करते, सहसा ठणकत नाही, आणि तिच्या गोळ्या द्यायच्या तर आधी नखाचा तुकडा तपासायला पाठवतात. माझं नख मांसात रुतलं होतं.

नुसतं लाल असतं, तर कोमट पाण्यात पाय बुडवून नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवून भागलं असतं. माझ्या बाबतीत मांस वाढलं होतं. नुसत्या अँटिबायोटिकने रुतलेलं नख बाहेर येत नाही, हे मला फार पटलं.

आधी साखर तपासली. मग अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी भुलीची इंजेक्शनं दिली. खरं दुखणं तेवढंच. सगळं नख न काढता कडेची अरुंद पट्टी मुळापर्यंत कापून ओढली. ती पट्टी पुन्हा उगवू नये म्हणून मुळाला फिनॉल लावलं. फिनॉलमुळे जखम दोनतीन आठवडे पाझरते, पाणी पातळ असतं, ते पाहून घाबरायचं नाही. पण लाली पावलावर चढू लागली किंवा ताप आला तर लगेच यायचं. मधुमेह असेल त्याने तर घरी नखाला हातच लावू नये, असं त्यांनी बजावलं.

आता नख थोडं अरुंद दिसतं. ते सरळ कापतो, कोपरे गोल करत नाही. बूट एक नंबर मोठे घेतलेत. युरिक अ‍ॅसिड पुढच्या तपासणीत पुन्हा बघायचं आहे, पण सुंगटं परत ताटात आलीत.