‘जेवलात का’पासून ‘जेवलास का’पर्यंत : माझा अनुभव

माझा पासपोर्ट सोळा दिवसांत आला होता. एका माणसाला ‘तू’ म्हणायला मात्र सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

ओळख म्युनिकमधल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी तिथे दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर होते आणि परतीचं तिकीट काढून झालं होतं. तो हॅम्बर्गला नोकरीला, मूळचा नागपूरचा, मित्राकडे आला म्हणून कार्यक्रमाला आलेला. प्रसादाच्या रांगेत त्यानं मागून विचारलं, “मॅडम, मसालेभात संपला का तिकडे?” मी म्हटलं, “तुम्ही बोलत बसलात तर संपेल.” एवढ्यावर नंबर दिले-घेतले गेले. पंधरा दिवसांनी मी कोल्हापुरात, तो हॅम्बर्गमध्ये. मेसेज रोज. इथवर काहीच अडलं नाही, म्हणून पुढे जाते.

अडलं ते त्या पहिल्या ‘तुम्ही’पाशी. अनोळखी माणसाला आपण तुम्हीच म्हणतो, त्यात चूक कुणाचीच नाही. पण एकदा अहोजाहो सुरू झालं की ते बंद कुणी करायचं, याची मराठीत रीत नाही. जर्मन लोकांची आहे. त्यांच्याकडेही ‘झी’ म्हणजे तुम्ही आणि ‘डू’ म्हणजे तू असे दोन आहेत, पण तिथे वयानं किंवा हुद्द्यानं मोठा माणूस सरळ म्हणतो, आजपासून आपण डू म्हणू या. माझ्या मॅनेजरबाईंनी दुसऱ्याच दिवशी कॉफीच्या मशीनपाशी हे उरकलं होतं. आम्ही दोघं त्याच देशात राहिलेलो, दोघांनाही हे माहीत, आणि तरी एकानंही तोंड उघडलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, सांगून टाकायचं. माझ्या मैत्रिणीनंही तेच सांगितलं. मी टाइप केलं, “मला अहोजाहो करू नका.” वाचलं आणि पुसलं. ‘करू नका’ हेच अहोजाहो झालं की! मग ‘करू नकोस’ लिहिलं. तर परवानगी मागायच्या आधीच मी त्याला तू म्हणून मोकळी. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, भेट एकदाच झालेली. तेही पुसलं. हे वाक्य मराठीत सरळ बांधताच येत नाही, कारण क्रियापद आधीच एका बाजूला उभं असतं. “तू म्हटलं तरी चालेल” हे एक चालण्यासारखं होतं. ते मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं, कारण ‘चालेल’मध्ये उपकार केल्याचा वास येत होता.

मग दोघांनीही पळवाटा काढल्या. त्या वेळी कळलं नाही, नंतर सगळे मेसेज वर सरकवत वाचले तेव्हा हसू आलं. आठवडेच्या आठवडे ‘तू’ही नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. “जेवण झालं का?” “झोप नीट झाली?” “ऑफिस कसं चाललंय?” “परत कधी येणं होणार?” जेवण होतं, झोप होते, येणं होतं, माणूस कुठेच नाही. मराठीत याची सोय इतकी चांगली आहे की माणूस वर्षभर असा चालवू शकेल.

फक्त कौतुक करता येत नाही. तिथे ही सोय संपते. ‘छान दिसत होतीस’ म्हणजे उडी, ‘छान दिसत होतात’ म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातला पाहुणा. त्यानं काय लिहावं? “त्या दिवशीची हिरवी साडी छान होती.” साडीला तू-तुम्ही लागत नाही. मी अर्धा तास हसत बसले आणि मग उत्तर दिलं, “साडी आईची आहे.” त्यावर लगेच, “मग आईंना सांगा.” झालं. आईमुळे ते ‘सांगा’ परत आलं आणि मी उशी आपटली.

‘आपण’नं तर फारच छळलं. एका रात्री मेसेज आला, “आपण परत कधी येणार?” आता हे ‘आपण’ आदराचं की आपलं दोघांचं? ‘येणार’वरून काही कळत नाही, दोन्हीकडे चालतं. “आपण पन्हाळ्याला जाल का” असतं तर आदराचं, “आपण पन्हाळ्याला जाऊ या का” असतं तर दोघांचं. शेवटावर सगळं ठरतं. अशा अर्धवट ‘आपण’ला उत्तर देताना मी एक युक्ती केली, ती सांगून ठेवते: स्वतःच्या उत्तरात ‘आपण’ दोघांसाठी वापरायचा आणि समोरचा दुरुस्त करतो का ते बघायचं. मी लिहिलं, “आपण कुठे यायचं ते आधी ठरवू.” त्यानं दुरुस्त केलं नाही. पण पुढचं वाक्य पुन्हा, “तिकडे पाऊस आहे का?” पावसाला बरं तू-तुम्ही लागत नाही.

दसऱ्याला वाटलं होतं, आज सुटेल. मी वाट बघत होते की तो ‘सोनं घे’ लिहील. आलं काय, “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.” सगळा महाराष्ट्र तसंच लिहितो, त्याच्या आड लपायला बरं. मीही तेच जसंच्या तसं परत पाठवलं. सणाच्या दिवशी काही सुटेल अशी आशा ठेवू नका. सणाचे मेसेज आधीच तयार असतात.

मध्येच एक घोळ झाला, तो राहिला सांगायचा. कोल्हापुरात आम्ही मुलीही बोलताना ‘मी येतो, मी जातो, मी जेवलो’ म्हणतो. शाळेच्या वहीत ‘येते’, घरात ‘येतो’. पहिल्याच आठवड्यात मी घाईत लिहिलं, “थांबा, मी येतो जरा, आई हाका मारतेय.” दोन दिवस पलीकडे शांतता. तिसऱ्या दिवशी अगदी सावध मेसेज, “नमस्कार. हा नंबर अजून त्यांच्याकडेच आहे का?” माझा भाऊ फोन घेऊन बसलाय असं त्याला वाटलं होतं. मला खुलासा करायला आख्खा परिच्छेद लिहावा लागला. दक्षिणेकडच्या मुलींनी हे पहिल्या दिवशीच सांगून टाकावं.

दुसरी फजिती माझीच. भावाला आणि याला एकाच वेळी मेसेज करत होते, आणि भावाचं “पोचलास का” याच्याकडे गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, म्हणून मी मिनिटभरात ‘पोहोचलात का’ केलं. पण बदललं की खाली Edited असं बारीक अक्षरात राहतं, आणि आधीचा मजकूर फोनच्या पडद्यावर चमकून गेला असेल तर सगळंच व्यर्थ. त्यानं बघितलं होतं. उत्तर काय, “पोहोचलो.” बस्स! एवढं दार उघडलेलं, आणि हा माणूस उंबऱ्यावर उभा राहून चप्पल काढतोय.

सुटलं ते आजीमुळे. मी गंगावेशीत दुधासाठी गेले होते. तिथे संध्याकाळी म्हशी समोर उभ्या असतात आणि धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. मी फेसाचा फोटो त्याला पाठवला. साडेआठ वाजले होते, म्हणजे त्याच्याकडे पाच, ऑफिस सुटायची वेळ. त्या दिवशी दुपारी आजी शेजारच्या काकांना विचारत होती, “जेवलासा का?” तेच डोक्यात घोळत होतं. चेष्टेनं मी तसंच टाइप केलं, “जेवलासा का?” आमच्याकडे ‘आलासा, गेलासा, जेवलासा’ हे आदराचं आहे, म्हणजे ‘जेवलात’. मी उलट जरा जास्तच मान दिला होता. पण नागपूरच्या माणसाला त्यात ‘जेवलास’ दिसणार, पुढे एक हेलकावा असलेलं.

पडद्यावर बराच वेळ ‘टाइप करत आहे’ असं येत-जात राहिलं. ग्लासातला फेस बसला. मग मेसेज आला, “अजून नाही. तू?”

एवढंच. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच. मला खरं तर लगेच सांगायला हवं होतं की बाबा, ते आदराचं होतं. मी लिहिलं, “मी दूध प्यायलो.” आणि ग्लास परत करायचा विसरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले, मालकानं हाक मारून परत बोलावलं.

तीन आठवड्यांनी मी कबूल केलं. तो म्हणाला, “मला माहीत होतं.” त्याचा रूममेट इचलकरंजीचा! उत्तर द्यायच्या आधी यानं त्याला विचारून घेतलं होतं, त्यानं नीट सांगितलं होतं की हा मान आहे, आणि तरीही यानं न कळल्याचं सोंग करून ‘तू’ ठोकून दिलं. सहा आठवडे मी व्याकरण कुस्करत बसले आणि यानं एका बोलीच्या आडून काम उरकलं. राग आला, हेही कबूल करते.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. मला हे दोन वर्षं तिथे राहूनही आठवलं नाही. सोमवारी साडेआठला मेसेज नाही, पावणेनऊला नाही, नऊला नाही. नुकतंच ‘तू’ झालेलं, म्हणजे नक्की पश्चात्ताप झाला असणार, असं धरून मी न जेवता रंकाळ्यावर दोन चकरा मारल्या. साडेनऊला मेसेज, “काय करून राहिली?” त्याचे पाच आत्ता वाजले होते. तेव्हापासून आमचा वेळ साडेनऊचा आहे, म्हणजे नेमका बाबा बातम्या लावून माझ्या शेजारी बसतात तो. नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग त्याच रात्री केली.

आता गंमत अशी की ‘तुम्ही’ परत आलंय. मी उत्तर द्यायला उशीर केला की तो लिहितो, “अहो, ऐकलंत का?” ज्या अहोजाहोनं छळलं ते आता लाडात आलंय, आणि मला ते ‘तू’पेक्षाही जास्त आवडतं हे मी त्याला सांगितलेलं नाही.

डिसेंबरमध्ये तो सुट्टीवर येतोय. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. काल विचारत होता, “सकाळी स्टेशनवर घ्यायला कोण येणार?”

मी लिहिलं, “मी येतो.”

या वेळी त्यानं भावाची चौकशी केली नाही.