रांग थांबवली, तरी जाहिरात चालूच होती

प्रवासी बॅगा विकणाऱ्या एका कंपनीची सोशल मीडियाची पानं मी सांभाळते. रेल्वे अपघाताची बातमी आली त्या सकाळी पुढच्या दोन आठवड्यांच्या चौदा पोस्ट शेड्यूल करून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक तासाभरात जाणार होती : ‘हा प्रवास आयुष्यभर लक्षात राहील!’ बातमी वाचली आणि पोटात गोळा आला.

शेड्यूलिंगच्या टूलमध्ये जाऊन मी सगळी रांग थांबवली. काम झालं असं वाटलं. पण दुपारी एका बाईंची कमेंट आली, ‘माणसं गेलीत, तुम्हाला बॅगा सुचतायत?’ ‘आयुष्यभर लक्षात राहील’ हीच ओळ असलेली जुनी पोस्ट आम्ही पैसे भरून बूस्ट केली होती. बूस्ट केलेली पोस्ट म्हणजे जाहिरात. ती वेगळ्या खात्यातून चालते आणि टूलमधली रांग थांबवली म्हणून ती थांबत नाही. त्या खात्याचा ॲक्सेस फक्त माझ्या वरिष्ठांकडे होता आणि ते मीटिंगमध्ये होते. अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला अजून टोचतो. जाहिरात बंद झाल्यावर मी त्या बाईंना लिहिलं, ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे. ही जाहिरात चालू राहायला नको होती. आता बंद केली आहे.’ सबब दिली नाही, कमेंटही काढून टाकली नाही.

मग बाकीचं शोधत बसले. थेट ॲपमधून शेड्यूल केलेली एक रील, रात्री आपोआप जाणारा ईमेल, आणि मेसेज आला की ‘हाय! कुठे निघालात?’ असं विचारणारं ऑटो-रिप्लाय. हे शेवटचं तर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

श्रद्धांजलीची पोस्ट टाकावी असं ऑफिसात निघालं. मी नको म्हटलं. आमचा त्या घटनेशी संबंध नव्हता, आणि आमच्या लोगोखाली दुःखाचे शब्द जाहिरातीसारखेच दिसले असते.

शोधकार्य संपल्याच्या बातमीनंतर दोन दिवस थांबून आम्ही पुन्हा सुरुवात केली. टूलमध्ये ‘रिझ्यूम’ दाबण्याआधी वेळ उलटून गेलेल्या पोस्ट मी मसुद्यात टाकल्या, कारण काही टूल अडकलेल्या पोस्ट एकदम सोडतात. मग चौदाही पोस्ट त्या बाईंच्या नजरेनं वाचल्या. पाच जशाच्या तशा ठेवल्या. सहांमधली उद्गारचिन्हं आणि ‘सुसाट’, ‘धमाका’ असे शब्द काढले. रुळांचे फोटो असलेल्या दोन आणि ती ‘आयुष्यभर’वाली कायमची काढली.

पहिली पोस्ट बॅगेची चेन अडकली तर काय करायचं, याची ठेवली. साधी, कामाची, विक्री नाही. ती टाकल्यावर तासभर फक्त कमेंट वाचत बसले. एकानं विचारलं, ‘चाक तुटलं तर?’ त्याला उत्तर दिलं. जाहिराती मात्र आणखी तीन दिवसांनी, नव्या ओळींसह चालू केल्या. आता त्या खात्याचा ॲक्सेस माझ्याकडेही आहे.