कोल्हापूर ते मेलबर्न: भाच्याचं व्हिसा लेटर आणि ४८ तासांचा हिशोब

फेब्रुवारीत भाच्याला सोडायला मेलबर्नला जाऊन आलो, कोल्हापुरातून महालक्ष्मीनं मुंबई आणि पुढं विमान. कांदा-लसूण चटणी नेलेली, ती उतरायच्या आधी भरायच्या कार्डावर लिहून टाका, लपवू नका. पण खरं सांगायचंय ते त्याच्या स्टुडंट व्हिसाच्या लेटरबद्दल. पासपोर्टवर शिक्का वगैरे काही नसतो, मेलवर पीडीएफ येते, त्याची प्रिंट राजारामपुरीत काढलेली पण खालचे 8105, 8202, 8501, 8533 असले व्हिसाच्या अटींचे आकडे कुणीच वाचले नव्हते. तिथं खोलीवर बसून एकेक बघितलं.

8533 म्हणजे पोचल्यापासून ७ दिवसांत राहायचा पत्ता कॉलेजला कळवायचा. हा पहिले चार दिवस मित्राकडं होता, मग खोली मिळाली, म्हणजे बदललेला पत्तापण ७ दिवसांत परत कळवायचा. कॉलेजच्या पोर्टलवर बदलून स्क्रीनशॉट ठेवला. 8202 म्हणजे ॲडमिशन टिकवायची, हजेरी आणि अभ्यास नीट ठेवायचा, 8501 म्हणजे हेल्थ इन्शुरन्स मध्येच तुटू द्यायचा नाही.

घोळ होतो तो 8105 मध्ये. कोर्स सुरू व्हायच्या आधी काम करायचंच नाही, आणि सुरू झाल्यावर पंधरवड्याला ४८ तास. सगळे समजतात आठवड्याला २४, तसं नाही, आणि पगाराचा पंधरवडापण नाही! कुठल्याही सोमवारपासून पुढचे १४ दिवस धरायचे, म्हणजे प्रत्येक सोमवारी नवा पंधरवडा सुरू होतो.

कॉलेज सुरू झाल्यावर त्याला एका दुकानात काम मिळालं, चार आठवड्यांचं रोस्टर आलं, १४, ३०, २८, १६ तास. भाचा म्हणाला, "मामा, दोन्ही पगारात ४४-४४ च भरतायत की, बसतंय सगळं." मी म्हटलं थांब, दुसरा आणि तिसरा आठवडा एकत्र कर बघू. ३० आणि २८, ५८ झाले, १० तास जास्त! पगाराच्या स्लिपवर हे कधीच दिसणार नाही. त्यानं मॅनेजरला सांगून तिसरा आठवडा १८ वर आणला, मग जोड्या झाल्या ४४, ४८, ३४.

दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीचे तास एकत्र धरायचे, आणि हातात रोख मिळालेल्या कामाचेसुद्धा, "रोखीचं मोजत नाहीत" असं रूममेट सांगतात त्याच्यावर जाऊ नका, व्हिसा रद्द होऊ शकतो. सुट्टीत ही मर्यादा नसते पण सुट्टी म्हणजे आपल्या कॉलेजच्या कॅलेंडरवर असलेलीच, मित्राच्या कॉलेजची नव्हे.

तुमच्या लेटरवर वेगळे आकडे असू शकतात, पीएचडीवाल्यांना कोर्स सुरू झाला की तासांची मर्यादा नसते, त्यामुळं दुसऱ्याचं लेटर बघून ठरवू नका. VEVO नावाची सरकारी फुकट सोय आहे, पासपोर्ट नंबर आणि लेटरवरचा ग्रँट नंबर टाकला की आपल्या अटी दिसतात. मी परत निघायच्या आदल्या रात्री आम्ही त्या बघून घेतल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं प्रत्येक सोमवारापुढं मागच्या दोन आठवड्यांची बेरीज लिहायला जागा आखली.