14 महिने कोरडे ठेवलेले मॅग्नेशियम सेल: पहिली चाचणी

गेल्या वर्षी बनवून बंद करून ठेवलेले चार सेल या आठवड्यात पाण्यात सोडले. रचना हवामानाच्या फुग्याला बांधून सोडतात त्या रेडिओसाँड यंत्राच्या जुन्या बॅटरीसारखीच आहे. 4 बाय 5 सेंटिमीटरचा, अर्ध्या मिलिमीटर जाडीचा मॅग्नेशियम मिश्रधातूचा पत्रा, मध्ये टिपकागद आणि पलीकडे तांब्याच्या जाळीवर दाबलेलं 4 ग्रॅम क्युप्रस क्लोराइड, थोड्या ग्रॅफाइटसह. आत पाणी नाही म्हणून रासायनिक क्रिया नाही, एवढ्यावरच सगळी साठवण उभी आहे.

प्रत्येक सेल सिलिका जेलची पुडी घालून ॲल्युमिनियमच्या पाकिटात सीलबंद केला होता. तीन पाकिटं फोडली तेव्हा पावडर फिकट राखाडी, अगदी भरली होती तशी. चौथ्याच्या सीलपाशी सुरकुती राहिली होती आणि आतली पावडर शेवाळासारखी हिरवी झाली होती. दमट हवेत क्युप्रस क्लोराइडचं ऑक्सिडीकरण होतं, त्याचाच हा रंग.

लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ, म्हणजे जवळपास समुद्राचंच पाणी. चांगला सेल बुडवल्यावर काही सेकंद व्होल्टेज रेंगाळलं, कारण पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर आधी तुटावा लागतो. मग 12 ओहमच्या लोडवर 1.3 व्होल्टला स्थिरावलं. साडेसात तासांनी 0.9 व्होल्टखाली गेलं. हिशेबाने 4 ग्रॅम क्युप्रस क्लोराइडमधून सुमारे 1.08 अँपिअर-तास मिळायला हवेत, मला जेमतेम पाऊण मिळाले. पत्रा मात्र अजून बराच शिल्लक होता, म्हणजे अडचण मॅग्नेशियमची नाही. टिपकागदात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा चिखल साचला होता, माझा संशय त्याच्यावर आहे. पुढच्या सेलमध्ये अंतर वाढवून पाणी खालून वर वाहू देणार आहे.

हिरव्या सेलने फसवलं असतं. लोड नसताना व्होल्टमीटरवर तो चांगल्या सेलइतकाच दिसत होता. लोड जोडताच अर्ध्यावर आला आणि पत्र्यावर काळे ठिपके उठून बुडबुडे जोरात सुटू लागले. ठिपके तांब्याचे. हिरव्या पावडरीतून विरघळलेलं तांबं मॅग्नेशियमवर बसलं की तिथे छोटा शॉर्ट सर्किट होतो, पत्रा उगाच झिजतो आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून तपासणी लोडवरच करावी, आणि खिडकी उघडी ठेवून.

उरलेले दोन सेल मालिकेत जोडले. वेगवेगळ्या भांड्यांत 24 ओहमवर 2.5 व्होल्ट आले, पण एकाच टबात उघडे सोडले तर 1.9 च. खारं पाणीच एका सेलकडून दुसऱ्याकडे प्रवाह गळू देतं. मग प्रत्येकाला प्लास्टिकची डबी केली आणि खाली-वर फक्त 3 मिलिमीटरची भोकं ठेवली, तेव्हा व्होल्टेज 2.4 पर्यंत परत आलं. भोकं आणखी बारीक केली तर गळती कमी होईल, पण चिखल आणि वायू बाहेर पडायचे कुठून? त्यामुळे आता भोकाऐवजी लांब, अरुंद नळीने पाणी आत घ्यायचा विचार आहे.